सलग नऊ तोटे आणि वहीचं शेवटचं पान

प्रश्न : माझा मित्र दीड वर्षापासून एका ठरावीक पद्धतीने ट्रेडिंग करतो. वीस दिवसांचा उच्चांक मोडला की घ्यायचं, दहा दिवसांचा नीचांक मोडला की बाहेर पडायचं, आणि तोटा किती झाला की सौदा सोडायचा तो स्टॉपलॉस आधी ठरलेला. आजवर ६० सौदे झाले, त्यांतले २१ नफ्यात. नफ्याचा सौदा सरासरी तोट्याच्या अडीचपट देतो. पण शेवटचे नऊच्या नऊ तोट्यात गेले आणि आता तो म्हणतो, "पद्धत संपली, दुसरी शोधतोय." तो घाई करतोय असं मला वाटतं, पण समजावायला बसलो की मीच अडखळतो. त्याला काय लिहून पाठवू? त्याच्या वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो जोडलाय.
— अडखळणारा मित्र

उत्तर : फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. नुसतं पत्र वाचून मी कदाचित लांबलचक गणित मांडत बसलो असतो. पान पाहिल्यावर कळलं की अर्धं उत्तर तिथेच आहे. नवव्या सौद्याची ओळ त्याने इतकी गिरवलीये की कागद फाटलाय. त्या फाटक्या ओळीकडे परत येऊ, आधी तुम्ही जिथे अडखळताय तिथून सुरुवात करतो.

अडखळता याचं कारण बहुधा हे असावं. "नऊ तोटे म्हणजे काहीच नाही रे" असं तुम्ही म्हणायला जाता आणि आतून तुम्हालाच ते पटत नाही. पटू नयेच, कारण ते खरं नाही. नऊ सलग तोटे म्हणजे काहीतरी आहे. फक्त मित्र समजतोय तेवढं नाही.

समजा त्याची पद्धत धडधाकट आहे आणि शंभरात ४० सौदे लागतात, म्हणजे नफ्यात जातात. मग पुढचे नऊ सौदे ओळीने तोट्यात जाण्याची शक्यता शंभरात एक. आता समजा पद्धत मेली आहे. नफा अडीचपट असेल तर शंभरात २८-२९ सौदे लागले की ना नफा ना तोटा, म्हणजे मेलेली पद्धत ती. तिच्यात नऊ ओळीने जाण्याची शक्यता शंभरात जवळपास पाच. म्हणजे हे नऊ तोटे मेलेल्या पद्धतीत पाचपट सहज घडतात. मित्राला जी शंका येते आहे तिला हा आधार आहे, आणि तुम्ही तो नाकारलात तर तो पुढचं वाचणारच नाही.

पण या हिशेबात एक खोट आहे. "पुढचे नऊ" असं कुणी आधी बोट ठेवून सांगितलं नव्हतं. ६० सौद्यांची पट्टी समोर पसरली, तिच्यातला सगळ्यात काळा तुकडा डोळ्यांत भरला, आणि मग आपण विचारतोय की हा एवढा काळा कसा. प्रश्न असा हवा : धडधाकट पद्धतीच्या ६० सौद्यांत कुठेतरी नऊ तोटे ओळीने येण्याची शक्यता किती? ती पाचात एक निघते. २०० सौद्यांपर्यंत गेलात तर निम्म्याहून जास्त. म्हणजे ही पद्धत तो आणखी दोन-चार वर्षं वापरणार असेल, तर असा तुकडा भेटणार हे धरूनच चालायचं.

आणि या पद्धतीत तर तो भेटायलाच हवा. किंमत वीस दिवसांचा उच्चांक मोडते, आपण आत जातो, चार-पाच दिवसांत ती पुन्हा आधीच्या पट्ट्यात घसरते आणि स्टॉपलॉस लागतो. बाजार साईडवेज असला की हेच पुन्हा पुन्हा होतं, कधी कधी एकाच पट्ट्यात तीन-तीनदा. त्यातल्या एखाद्या वेळी किंमत परत येत नाही, चालतच राहते. मागच्या सगळ्या तोट्यांची भरपाई त्या एका सौद्यात होते. कोणता ब्रेकआउट चालणार हे आत जाण्याआधी ओळखता येत नाही, म्हणून सगळेच घ्यावे लागतात. तोटे हा इथे त्या मोठ्या सौद्यांसाठी भरलेला खर्च आहे, आणि खर्चाची बिलं एकदम येतात.

ही जातकुळी जुनी आहे. १९८३-८४ मध्ये रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट या अमेरिकी ट्रेडर्सनी काही नवशिक्यांना बाजार शिकवला. हे लोक पुढे 'टर्टल' म्हणून ओळखले गेले. वीस दिवसांचा ब्रेकआउट आणि दहा दिवसांची एक्झिट ही त्यांच्या दोन पद्धतींपैकी एक. तिच्यात एक गमतीचा नियम होता : मागचा ब्रेकआउट नफ्यात गेला असेल तर आताचा सोडून द्यायचा. मागचा तोट्यात गेला असेल तरच घ्यायचा. (सोडलेला सौदा फार लांब चाललाच तर ५५ दिवसांच्या ब्रेकआउटवर त्यात शिरायची सोय होती.) हा नियम आज उपयोगी आहे की नाही तो वेगळा विषय. पण तोट्यानंतर पद्धत सोडायची नसते, पुढचा सौदा घ्यायचा असतो, हे त्यांच्या नियमातच लिहिलेलं होतं. मनाच्या तयारीवर सोडलेलं नव्हतं.

आता फाटक्या ओळीकडे. एका सौद्यात स्टॉपलॉस लागला तर ठरवून जेवढं जाणार, त्याला ट्रेडिंगवाले एक 'आर' म्हणतात. मित्रानेही वहीत तसंच लिहिलंय, म्हणून मीही आरमध्येच बोलतो.

पहिल्या सात ओळींत प्रत्येकी एक आर गेलाय. ठरल्याप्रमाणे. आठव्या ओळीत १.७. बाजूला बारीक अक्षरात "एसएल खाली घेतला" असं लिहिलंय. नवव्या ओळीत २, कारण त्याने नेहमीच्या दुप्पट माल घेतला. म्हणजे पद्धतीने नऊ आर घालवले असते, वहीत गेलेत १०.७. वरचे १.७ पद्धतीच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. ते त्याचे आहेत.

आणखी एक गोष्ट पाहा. तिसरा, चौथा आणि पाचवा सौदा एकाच तारखेला घेतलाय, तिन्ही एकाच दिशेचे, एकाच क्षेत्रातले. बाजार त्या दिवशी वळला आणि तिघांचाही स्टॉपलॉस दोन दिवसांत लागला. ही तीन मतं नाहीत, एकच मत तीनदा मोजलंय. तसं धरलं तर ओळीने गेलेले सौदे नऊ नाहीत, सात आहेत. आणि धडधाकट पद्धतीत एवढ्या सौद्यांत सात ओळीने जाण्याची शक्यता शंभरात ४५ च्या आसपास. जवळपास नाणेफेक.

(गणितात मी प्रत्येक सौदा सुटा धरलाय. खऱ्या बाजारात तो तसा नसतो, साईडवेज काळ तोट्यांना गोळा करून आणतो. म्हणून प्रत्यक्षातल्या रांगा या हिशेबापेक्षा लांबच निघतात, आखूड नाही.)

मित्राला पाठवायचा मजकूर मी असा लिहीन. शब्द तुमचे करून घ्या, पण क्रम शक्यतो बदलू नका.

> अरे, पान पाहिलं. पद्धत संपली असेलही. पण या नऊ ओळींवरून ते कळत नाही, एवढंच मला म्हणायचंय.
>
> आधी पूर्ण वही बघ. साठात २१ लागले, म्हणजे ३५ टक्के. पद्धत चांगली असेल तर ४० च्या आसपास, मेली असेल तर २८-२९. आपण बरोबर मधे उभे आहोत, इंचभर चांगल्या बाजूला. या नऊच्या आधी ५१ पैकी २१ लागले होते, म्हणजे ४१ टक्के, आणि तेव्हा तू मला छातीठोकपणे सांगत होतास की पद्धत सिद्ध झाली. तेव्हाही ती सिद्ध झाली नव्हती. ४० टक्क्यांची पद्धत साठ सौद्यांत २७ पासून ५३ टक्क्यांपर्यंत कुठेही दिसू शकते. २०० सौदे झाले तरी ३३ ते ४७. तेव्हा तू ५१ सौद्यांवर भाळलास, आता नऊ सौद्यांवर रुसलायस.
>
> आठवा आणि नववा मात्र मला खटकला. स्टॉपलॉस हलवलास आणि मग दुप्पट घेतलास. पद्धतीला नापास करायचं असेल तर आधी तिने सांगितलेलं करून दाखव.
>
> नवीन पद्धत शोधशील तेव्हा तीही पहिल्या नऊ तोट्यांपर्यंतच चांगली वाटेल. रविवारी वही घेऊन ये, तीन गोष्टी तपासू. त्या बिघडलेल्या निघाल्या तर मी स्वतः म्हणेन, सोड.

यात "आता पुढचा नक्की लागेल" असं कुठेही नाही, आणि तुम्हीही ते लिहू नका. मित्राला धीर द्यायच्या नादात हे वाक्य तोंडून सहज निसटतं. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर काळा रंग सलग २६ वेळा आला, आणि "आता तर लाल येणारच" म्हणून लोक प्रत्येक फेरीला रक्कम वाढवत हरत गेले. नऊ तोट्यांनंतर दहावा सौदा लागण्याची शक्यता चाळीसची चाळीसच राहते. मित्राने नवव्याला दुप्पट घेतलं ते 'आता तर लागणारच' याच हिशेबाने, मला शंका नाही.

आता त्या तीन गोष्टी. सौदे किती लागले हे मोजून निकाल लावायला शेकडो सौदे लागतात, पण बिघाड ओळखायच्या काही खुणा त्याच्या फार आधी दिसतात.

पहिली, तोट्याचा आकार. स्टॉपलॉस ठरल्या जागी लागूनही एका आरऐवजी सव्वा-दीड आर जात असतील, तर बाजारात आत-बाहेर होताना किंमत निसटते आहे किंवा खर्च वाढलाय. मित्राचे पहिले सात पाहा, एकेक आर. इथे बिघाड नाही.

दुसरी, नफ्याचा आकार. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. कारण रांग तोट्यांची असते आणि डोळे तिथेच खिळतात. माझीच गोष्ट सांगतो. अशीच एक पद्धत मी बरीच वर्षं चालवली. तोट्याच्या रांगा आल्या की मी वरचंच गणित स्वतःला ऐकवायचो आणि शांत व्हायचो. गणित बरोबर होतं. शंभरात ३९-४० सौदे लागतही होते. पण आधी अडीच-तीन आर देणारे सौदे दीडावरच संपायला लागले होते, कारण मी ज्या वस्तूत ट्रेड करत होतो तिथे हालचाली आखूड होत गेल्या होत्या. ४० टक्के लागून दीड आर मिळाला तर जमा साठ, खर्च साठ. हाती शून्य. दीड वर्ष मी तिथे उभा होतो आणि 'रांगा येतातच' म्हणत होतो. तुमच्या मित्राच्या २१ नफ्यांपैकी पहिल्या दहांची सरासरी आणि शेवटच्या अकरांची सरासरी शेजारी लिहा. दोन्ही अडीचच्या आसपास असतील तर ठीक. दुसरी पावणेदोनवर आली असेल तर मित्राचं म्हणणं माझ्यापेक्षा तुम्ही जास्त ऐका. फक्त एखाद्या प्रचंड मोठ्या सौद्याने सरासरी फुगलेली नाही ना तेही बघा. अकरांतला एक बाजूला काढून पुन्हा मोजा.

तिसरी, एकूण घसरण. यासाठी रविवारी स्प्रेडशीट उघडा. पहिली ओळ रिकामी सोडून `A2` मध्ये पहिलं सूत्र टाका, `B2` मध्ये दुसरं, आणि दोन्ही २०१ व्या ओळीपर्यंत खाली ओढा. तिसरं `D2` मध्ये.

```
=IF(RAND()<0.4,2.5,-1)
=IF(A2<0,B1+1,0)
=MAX(B2:B201)
```

पहिल्या स्तंभात धडधाकट पद्धतीचे २०० काल्पनिक सौदे येतात, आणि `D2` मध्ये त्यांतली तोट्यांची सगळ्यात लांब रांग. एक्सेलमध्ये F9 दाबलं की नवे २०० सौदे. मित्रालाच दाबू द्या. सात, दहा, आठ, नऊ, बारा असे आकडे त्याच्या डोळ्यांसमोर फिरू लागले की तुमचं अर्धं बोलणं वाचेल. शेजारी चालू बेरीज आणि शिखरापासूनची घसरण हेही स्तंभ करा, आणि वीसातल्या एकाच वेळी ओलांडली जाते अशी घसरण शोधून ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ती त्याची थांबायची रेघ. आत्ताची, ठरल्याप्रमाणे झाली असती ती नऊ आरची घसरण या पद्धतीत अजिबात नवलाची नाही हे तुम्हाला तिथेच दिसेल. पण सूत्रातले ०.४ आणि २.५ हे आकडे त्याने कुठून आणले हेही विचारा. बॅकटेस्टमधून, म्हणजे जुन्या भावांवर पद्धत चालवून पाहून उचलले असतील आणि त्यात खर्च धरला नसेल, तर आधी ते दुरुस्त करा. नाहीतर तुम्ही अस्तित्वात नसलेल्या पद्धतीच्या रांगा मोजत बसाल.

शेवटी एक प्रश्न, जो तुम्ही पत्रात लिहिला नाही. एका आरमध्ये तो भांडवलाचा किती हिस्सा लावतो? एक टक्का लावत असेल तर नऊ तोट्यांत भांडवल साडेआठ-नऊ टक्क्यांनी उतरतं. डोकं दुखतं, पण माणूस शाबूत राहतो. पाच टक्के लावत असेल तर सदतीस टक्के जातात, आणि जिथे होता तिथे परत यायला उरलेल्या भांडवलावर एकोणसाठ टक्के कमवावे लागतात. तेव्हा पद्धत जिवंत आहे की मेली याने फारसा फरक पडत नाही. ती बरोबर ठरायच्या आत तो बाजाराबाहेर गेलेला असेल. वहीत आर लिहिलेत, पण एक आर म्हणजे किती ते या पानावर कुठेच नाही. हा आकडा मागाल तेव्हा तो टाळाटाळ करेल असा माझा अंदाज आहे. दुप्पट घेणारा माणूस सहसा करतो. आकडा दोन टक्क्यांच्या वर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि रविवारी तेवढंच बोला.

आणि मजकूर आज पाठवू नका. बाजार बंद असलेल्या दिवशी सकाळी पाठवा.